पोर्टफोलिओला मार्क नेमके कशाचे? मोंढ्यातल्या एका हिशेबपट्टीवरून समजून घेऊ

गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी स्टेप्सचे मार्क मिळतात, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. चित्रकलेत मात्र ही सवय आपल्याला कधी लागलीच नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आठवून बघा. वेळ संपली की कागद गोळा होतो आणि त्यावर जे दिसतं त्यावरून ग्रेड ठरते. आधी कोणती रचना करून पाहिली, कोणती खोडली, का खोडली, हे कुणी विचारत नाही. त्या परीक्षांचा हेतू हाताचं कौशल्य पाहण्याचा आहे, त्यामुळे त्यात चूकही काही नाही.

अडचण पुढे येते. परभणी, बीड, हिंगोली, धाराशिवकडून डिझाइनच्या पदवीला आलेली बरीच मुलं याच वाटेने आलेली असतात. पहिल्या वर्षी त्यांना सांगितलं जातं की "प्रोसेसला मार्क आहेत." मुलं मान हलवतात, नेहमीप्रमाणे आधी शेवटची शीट तयार करतात आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोसेस 'बनवायला' बसतात. यात त्यांचा लबाडीचा हेतू नसतो. प्रोसेस म्हणजे शीटसोबत जोडायची एक फाइल, एवढंच त्यांना कळलेलं असतं, कारण मार्क कशाला मिळतात हे कुणी उघडून सांगितलेलं नसतं.

ही कल्पना काही हवेतली नाही. इंग्लंडमध्ये शालेय पातळीवरच्या आर्ट अँड डिझाइन विषयाच्या जीसीएसई परीक्षेत चार उद्दिष्टं आहेत आणि प्रत्येकाला 25 टक्के वजन आहे. शोध घेत कल्पना वाढवणं, साहित्य आणि तंत्रं वापरून बघत काम घडवत नेणं, निरीक्षणं आणि विचार नोंदवत राहणं, आणि शेवटी स्वतःचं म्हणता येईल असं काम सादर करणं. म्हणजे चारातली तीन उद्दिष्टं शेवटच्या कामाच्या आधीच्या गोष्टींबद्दल आहेत. आयबी बोर्डाच्या 2016 ते 2026 या काळातल्या व्हिज्युअल आर्ट्स अभ्यासक्रमातही प्रोसेस पोर्टफोलिओला एकट्याला 40 टक्के होते.

मी वर्गात शंभरपैकी प्रोसेसला 30, सुधारणांना 30, रिफ्लेक्शनला 20 आणि शेवटच्या कामाला 20 अशी वाटणी ठेवतो. हे आकडे म्हणजे काही कायदा नव्हे. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी शेवटच्या कामाचं वजन वाढवायला हवं, कारण वर्षभरात त्यांना नोकरीच्या बाजारात उतरायचं असतं. दुसऱ्या वर्षासाठी मात्र ही वाटणी चालते. आता नुसत्या आकड्यांवर बोलत बसण्यापेक्षा एक पोर्टफोलिओ समोर घेऊन तो तपासूनच पाहू.

समजा, विषय हिशेबपट्टीचा

समजा, दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने परभणीच्या मोंढ्यातली हिशेबपट्टी नव्याने डिझाइन करायला घेतली. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, माल काट्यावर जातो, सौदा होतो आणि आडत्याकडचा मुनीम एक पट्टी फाडून हातात देतो. तिच्यावर कट्टे किती, वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल असं सगळं असतं. खालचा कार्बनवरचा कागद पुस्तकात राहतो. तिने विषय निवडला तो घरच्या अनुभवावरून: पट्टी हातात असूनही वडिलांना "हातात किती येणार?" हे मुनिमाला विचारावं लागतं.

विषय छान आहे, पण छान विषयाला मार्क नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवं. आमच्याकडे दर वर्षी पैठणीचा बांगडी मोर, हिमरूचे नमुने आणि बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या घेऊन किती पोर्टफोलिओ येतात ते विचारू नका. विषय आपल्या मातीतला आहे म्हणून परीक्षक हळवे होतात, आणि संशोधनाच्या पानांवर इंटरनेटवरून उतरवलेला पैठणीचा इतिहास तसाच निसटून जातो. त्या पानांना मी एकच प्रश्न लावतो: हे पान काढून टाकलं तर पुढच्या एकाही निर्णयात फरक पडेल का? नसेल पडत, तर ते पान सजावट आहे.

हिशेबपट्टीच्या पोर्टफोलिओत पहिली सहा पानं चालू वापरातल्या पट्ट्यांची आहेत. वेगवेगळ्या आडत्यांकडच्या भरलेल्या पट्ट्या चिकटवून त्यावर तिने पेनाने खुणा केल्यात. नावं आणि फोन नंबर झाकलेत, हे महत्त्वाचं. एका पट्टीवर तिने लिहिलंय की छापलेले रकाने अकरा आहेत, पण मुनिमाने भरले सातच, आणि उचलीला रकानाच नसल्याने ती रक्कम समासात आडवी लिहिली आहे. याला म्हणतात प्रोसेसचा पुरावा. या एका निरीक्षणातून पुढचा निर्णय जन्मतो: उचलीला स्वतःची ओळ हवी. मी मागे-पुढे पानं उलटून पाहतो. तिसऱ्या पानावरची ही नोंद नवव्या पानावरच्या स्केचमध्ये उचलीची ओळ म्हणून खरंच उतरली आहे. म्हणजे पानं एकमेकांशी बोलतात.

प्रोसेसच्या निकषात मला पानांची संख्या मोजायची नसते. ऐंशी पानांच्या फाइलमध्ये साठ पानं रंगांच्या पट्ट्या आणि फॉन्टचे नमुने असू शकतात. मी पाहतो ते एवढंच: काहीतरी बघितलं, त्यातून काहीतरी ठरवलं, आणि कुठेतरी एखादी वाट सोडून दिली, हे मला पानांवरून लागतंय का? या पोर्टफोलिओत सोडून दिलेली वाट आहे. तिला आधी मोबाइलवर मेसेज पाठवण्याची कल्पना सुचली होती आणि तिने दोन पानं त्यावर घालवलीत. मग एक ओळ येते: "पट्टी घरी नेऊन दाखवतात, भाऊ-भाऊ वाटणी करताना तीच काढतात, कागद हवाच." कल्पना बाद करण्याचं हे कारण मोंढ्यातून आलंय, तिच्या डोक्यातून नाही. प्रोसेसला 30 पैकी 24. सहा कापले, कारण तिने शेतकऱ्यांना खूप काही विचारलं, पण जो मुनीम पट्टी भरतो त्याच्याशी सुरुवातीला ती बोललीच नाही. याचा फटका पुढे तिलाच बसतो.

बदल करणं वेगळं, सुधारणा करणं वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ याच निकषात होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मुलं पोर्टफोलिओत पहिला मसुदा, दुसरा मसुदा, तिसरा मसुदा अशी ओळीने चित्रं लावतात. पहिल्यात निळा रंग, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात फॉन्ट वेगळा. बदल तर झाले, पण सुधारणा झाली का, हे सांगता येत नाही. सुधारणा दिसायला तीन गोष्टी जोडीने लागतात: आधीच्या मसुद्यात नेमकं काय अडलं, त्यावर काय बदललं, आणि बदलल्यावर ते अडणं कमी झालं का. तिसरी गोष्ट बहुतेक पोर्टफोलिओत गायब असते.

आता पट्टीकडे या. तिच्या पहिल्या मसुद्यात एकूण रक्कम आणि निव्वळ रक्कम दोन्ही एकाच आकारात होत्या, एक मधोमध, एक खाली सहीजवळ. तिने एक नमुना हिशेब भरला: 7 क्विंटल 40 किलो सोयाबीन, भाव 4,200, एकूण 31,080 रुपये. त्यातून हमाली 111, तोलाई 37 आणि उचल 5,000 वजा जाऊन हातात 25,932. मग मोंढ्यात सहा शेतकऱ्यांना पट्टी दाखवून एकच सांगितलं, "काका, हातात किती पैसे येतील त्यावर बोट ठेवा." सहापैकी चौघांनी 31,080 वर बोट ठेवलं.

सहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. या सहा जणांवरून "66 टक्के शेतकऱ्यांना पट्टी कळत नाही" असं कुणी लिहिलं तर मी मार्क कापतो. पण कुठे अडतंय हे शोधायला सहा माणसं पुरतात. चार जण एकाच जागी चुकले, म्हणजे चूक त्या जागेची आहे. तिने हेच लिहिलंय, टक्केवारी काढलेली नाही.

दुसऱ्या मसुद्यात तिने निव्वळ रक्कम उचलून वर उजव्या कोपऱ्यात जाड चौकटीत नेली. पुन्हा सहा जणांना विचारलं, या वेळी वेगळ्या सहा जणांना, कारण आधीच्यांना उत्तर माहीत झालेलं. पाच जणांनी बरोबर बोट ठेवलं. इथे बहुतेक विद्यार्थी टाळ्या वाजवून थांबतात. ती मात्र आता मुनिमाकडे गेली आणि भर बाजाराच्या वेळी त्याला हीच पट्टी भरायला दिली. मुनीम वरून खाली लिहीत जातो. निव्वळ रक्कम निघते ती सगळ्यात शेवटी, सगळं वजा झाल्यावर. वरच्या कोपऱ्यातली चौकट त्याने रिकामीच ठेवली आणि उत्तर सवयीने तळाला लिहून टाकलं. वाचणाऱ्याची अडचण सुटली होती, लिहिणाऱ्याची नवी उभी राहिली. शिवाय जाड चौकटीच्या आत तिने फिकट हिरवा रंग भरला होता. कार्बनच्या प्रतीत त्या भागातले आकडे नीट वाचता येईनात.

तिसऱ्या मसुद्यात निव्वळ रक्कम परत तळाला गेली, मुनिमाच्या हाताच्या वाटेवर. पण तिच्या वर पूर्ण रुंदीची एक जाड रेघ आली, वजा होणाऱ्या रकमा डावीकडून थोड्या आत सरकल्या आणि त्यांच्यावर "वजा" असं मथळ्यात आलं. एकूण रकमेचा आकार मुद्दाम लहान केला. हिरवा रंग गेला, सगळी छपाई एकाच काळ्या शाईत. मुनिमाने पट्टी न अडखळता भरली आणि सहापैकी पाच शेतकऱ्यांनी बरोबर आकडा दाखवला.

निकषाच्या पायऱ्या मी या उदाहरणावर बसवून सांगतो. नुसते मसुदे ओळीने आहेत, कारण कुठेच नाही, तर दहाच्या आत. कारण आहे, पण ते "मॅडमनी सांगितलं म्हणून" एवढंच आहे, तर पंधराच्या आसपास. मॅडम बरोबर असतीलही, पण विद्यार्थ्याला ते पटलं की नुसतं ऐकलं हे कळत नाही. कारण वापरणाऱ्या माणसाकडून किंवा साहित्याच्या मर्यादेतून आलंय आणि बदल त्याच कारणाला भिडतो, तर वीस-बावीस. आणि बदलानंतर पुन्हा तपासून, गरज पडली तर आधी केलेला बदल मागे घेतला, तर पंचवीसच्या वर. तिला 30 पैकी 26, कारण स्वतःला आवडलेली वरची चौकट तिने काढून टाकली.

मग पहिल्याच फटक्यात बरोबर डिझाइन आलं तर? हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असं की तपासून पाहिलं आणि म्हणून बदललं नाही, हीसुद्धा या निकषात धरायची गोष्ट आहे. उचलीची ओळ तिने पहिल्या मसुद्यापासून शेवटपर्यंत हलवली नाही, आणि का नाही हलवली ते दोन ओळींत आहे: मुनिमाने दोन्ही वेळा ती विनाअडचण भरली. याचेही मार्क तिला मिळाले. नाहीतर मुलं मार्कांसाठी मुद्दाम बदल करत सुटतील.

रात्रीत बनवलेली प्रोसेस ओळखायची कशी

ज्या गोष्टीला मार्क, ती गोष्ट बनावट तयार होणार, हे ठरलेलंच. मुलांना कळलं की चुकांना मार्क आहेत, की पोर्टफोलिओत चुका पेरल्या जातात. पेरलेली चूक ओळखू येते, कारण ती फार ढोबळ असते. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, शीर्षक पानाबाहेर गेलेलं, असं काहीतरी, जे तो विद्यार्थी खरं म्हणजे कधीच करणार नाही. खरी चूक नेहमी थोडी शहाणी असते. निव्वळ रक्कम वरच्या कोपऱ्यात नेणं ही शहाणी चूक होती.

मागाहून काढलेली स्केचेससुद्धा स्वतःच बोलतात. सगळी एकाच पेनाने, एकाच कागदावर, एकसारख्या दाबाने काढलेली. पहिल्या स्केचमध्येच ओळींची संख्या शेवटच्या कामाइतकी. काहीही अर्धवट सोडलेलं नाही, एकही पान बाद नाही. पहिल्या स्केचपासून शेवटच्या शीटपर्यंत सरळ रेघ मारावी असा प्रवास. खरं काम असं सरळ चालत नाही. त्यात मागे जाणं असतं, एकाच जागी चार पानं अडकणं असतं, आणि मध्येच एखादं पान असतं ज्याचा अर्थ स्वतः विद्यार्थ्यालाही आता लागत नाही.

तारखांचा पुरावा चांगला, पण त्याच्या भरवशावर राहू नये. मुलं वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून मग फाइलमध्ये लावतात. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ते कधी काढलं ही आतली माहिती निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. इलस्ट्रेटर फाइल बंद केली की मागच्या पायऱ्या हरवतात, म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर नव्या नावाने सेव्ह करायला सांगावं, `patti_v01.ai`, `patti_v02.ai` असं. ही सवय वर्गातच लावली तर शेवटी कुणाला काही बनवावं लागत नाही. तरीही तारीख बदलता येते, फाइलचं नाव बदलता येतं. परीक्षकाने पोलीस व्हायचं नसतं.

त्यापेक्षा व्हायवामध्ये एक प्रश्न पुरतो. पोर्टफोलिओतलं मधलं एखादं पान उघडायचं आणि म्हणायचं, "या पानानंतर तुला दुसरं काय करता आलं असतं?" ज्याने ते पान जगलंय तो लगेच सांगतो, कारण त्या वेळी त्याच्या डोक्यात दोन-तीन वाटा होत्याच. ज्याने ते पान आदल्या रात्री काढलंय त्याला फक्त पुढचं पान माहीत असतं. हा प्रश्न प्रेमाने विचारावा. व्हायवामध्ये घाबरून गप्प बसणारी मुलं आपल्याकडे भरपूर असतात. गप्प बसणं म्हणजे बनावट, असा अर्थ काढू नये. मी अशा वेळी वही त्यांच्या हातात देतो आणि "तुला आवडलेलं एक पान दाखव" म्हणतो. बोलणं मग सुरू होतं.

रिफ्लेक्शनची पानं

आता या दोन नोंदी वाचा.

पहिली: "या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळालं. शेतकऱ्यांच्या समस्या जवळून समजल्या. वेळेचं नियोजन किती महत्त्वाचं आहे हे कळलं. भविष्यात मी अजून चांगलं काम करेन."

दुसरी: "मला वाटत होतं पट्टी शेतकऱ्यासाठी आहे. ती लिहितो मुनीम, हे दुसऱ्या मसुद्यापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. आता फॉर्म करायचा असेल तर आधी भरणाऱ्याजवळ बसणार. तारीख आणि पट्टी नंबरची जागा अजून कमी पडते, ती मी सोडवली नाही."

पहिल्या नोंदीतला 'शेतकरी' शब्द काढून 'रुग्ण' किंवा 'प्रवासी' टाका, नोंद जशीच्या तशी दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पाला चालेल. हीच तिची परीक्षा. दुसरी नोंद दुसऱ्या कुणाच्या पोर्टफोलिओत लावताच येणार नाही. तिच्यात आधीचा समज आहे, तो कुठे मोडला ते आहे, पुढे काय वेगळं करणार ते आहे, आणि काय राहून गेलं तेही आहे. राहून गेलेलं लिहायला मुलं घाबरतात, त्यांना वाटतं मार्क कापले जातील. म्हणून निकषातच लिहून टाकावं की न सुटलेली अडचण नेमकेपणाने सांगितली तर त्याचे मार्क आहेत.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये यात एक उपयोगी फरक केला. एक विचार काम करता करता होतो, हात चालू असताना. दुसरा काम झाल्यावर मागे वळून होतो. आपले पोर्टफोलिओ बहुतेक दुसराच विचार मागतात, शेवटी एक पान, "तुम्ही काय शिकलात". पहिला मात्र वहीच्या समासात सापडतो. "मुनीम वरती लिहितच नाही!!" अशी दोन उद्गारचिन्हांची ओळ पेन्सिलीने खरडलेली. मी अशी ओळ शेवटच्या सुबक पानापेक्षा जास्त मोलाची धरतो. तिच्यावर तारीख असेल तर आणखी बरं.

आणि भाषेचा मुद्दा. बऱ्याच ठिकाणी रिफ्लेक्शन इंग्रजीतच लिहायचा आग्रह असतो. मग होतं काय, की अंबाजोगाईची, जिंतूरची पोरगी जे पाहिलं ते इंग्रजीत मावेना म्हणून सगळं गाळून तयार वाक्यं उतरवते, आणि परीक्षक म्हणतात, विचार उथळ आहे. तिथे मोजलं गेलं ते इंग्रजी. निकष विचारांचा असेल तर मराठीत, हिंदीत, उर्दूत लिहू द्यावं. लिहिणं जड जात असेल त्याने फोनवर तीन मिनिटं बोलून रेकॉर्ड करून द्यावं. पूर्ण वाक्यांचा, शुद्धलेखनाचा मार्क हवा असेल तर तो वेगळा निकष म्हणून लिहावा आणि मुलांना आधी सांगावा. अशीच एक छुपी गोष्ट म्हणजे "माध्यमांची विविधता". ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आणि महागडे मार्कर आहेत त्याला हे मार्क फुकट मिळतात. कॉलेजच्या लॅबची वेळ संपली की घरी फक्त वही आणि फोन असलेल्या मुलाचे वहीचे फोटो तितक्याच मानाने तपासले पाहिजेत.

तिला रिफ्लेक्शनला 20 पैकी 15. मुनिमाबद्दलची समज खोल आहे. छपाईच्या खर्चाबद्दल मात्र एक शब्द नाही, आणि नवी पट्टी छापून घ्यायचा निर्णय खर्चावरच अडतो.

तपासणारे दोघे

एकाच पोर्टफोलिओला एक परीक्षक 80 देतो, दुसरा 55, हे होतं आणि होत राहणार. निकष कितीही बारीक लिहिले तरी शब्दांना ताण असतोच. यावरचा उपाय कागदावर नाही, टेबलावर आहे. खरी तपासणी सुरू करण्याआधी तीन-चार पोर्टफोलिओ दोघांनी वेगवेगळे तपासायचे, मार्क उघड करायचे आणि जिथे मोठं अंतर पडलं तिथेच बोलायचं. सरासरी काढून मोकळं होणं सोपं असतं, पण त्यात वाद मिटतो, गोंधळ तसाच राहतो. आमच्याकडच्या एका चर्चेत असं निघालं होतं की एक परीक्षक "मॅडमनी सांगितलं म्हणून" हे कारण पूर्ण धरत होते, दुसरे शून्य. निकषात एक ओळ वाढवली आणि अंतर बरंच कमी झालं.

दुसरी गोष्ट क्रमाची. शेवटची शीट आधी पाहिली की ती डोळ्यांत बसते. देखणी शीट पाहिलेल्या परीक्षकाला मागची विसविशीत प्रोसेस "सहज केलेली" वाटते, आणि साध्या शीटमागची भरीव प्रोसेस "उगाच ओढलेली". म्हणून प्रोसेसची वही आधी वाचायची, तिचे मार्क लिहायचे, मगच शीट उघडायची. जुरीत शीट भिंतीवर आधीच लागलेल्या असतात, तिथे हे जमत नाही. अशा वेळी निदान वहीचे मार्क आदल्या दिवशी देऊन ठेवावेत.

आता तिची शीट उघडू. पट्टी कामाची आहे, पण देवनागरी आकड्यांमधल्या जागा ओबडधोबड आहेत, रेघांच्या जाडीत मेळ नाही, आणि तारखेची जागा तिनेच लिहिल्याप्रमाणे कमी पडते. 20 पैकी 12. एकूण 77.

शेजारच्या टेबलावर पैठणीच्या मोराचं मिठाईचं खोकं आहे. छपाई झकास, रंग नेमके, दुकानात ठेवलं तर हात जाईल असं. शेवटच्या कामाला 18. वहीत मात्र इंटरनेटवरचा इतिहास, एकाच पेनाने काढलेली स्केचेस आणि रंग बदललेले चार मसुदे. प्रोसेस 14, सुधारणा 9, रिफ्लेक्शन 7. एकूण 48.

या 48 वर पालक भांडायला येतात, आणि त्यांचं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं तर बरोबर वाटतं: काम चांगलं दिसतंय ना, मग? त्यांना मी दोन्ही वह्या दाखवत नाही, दुसऱ्या विद्यार्थिनीची वही दाखवणं योग्य नाही. मी त्यांच्या मुलाला त्यांच्यासमोर विचारतो, "खोक्याचं झाकण असंच का उघडतं?" उत्तर आलं तर मी मार्कांचा फेरविचार करतो, आणि तसं एकदा-दोनदा झालंही आहे. वहीत न उतरलेली प्रोसेस डोक्यात असते कधी कधी. अशा मुलाला पुढच्या सत्रात सांगायचं एवढंच: डोक्यात आहे ते, त्याच दिवशी, तारीख टाकून, समासात.